कंदील आणि मंदील

नाटकाचं शीर्षकगीत जमलं, की भास्कररावांचं नाव दहा वर्षांनी पुन्हा जाहिरातीत झळकणार होतं. त्यांनी लिहिलं, ‘दारामधुनी साजण गेला, विझवत कंदील वारा आला.’

“भास्करराव, पुन्हा गेला-आला? म्हणजे पुढे झाला-केला ठरलेलंच!” संगीतकार हसले.

घरी बायकोनं, सुमित्राबाईंनी, क्रियापदं उचलून ओळींच्या सुरुवातीला नेली: ‘गेला साजण, विझला दारी कंदील, आला वारा, हले खुंटीवर मंदील.’

“वा! कंदिलाला मंदील! दुसरं कडवंही असंच आणा,” संगीतकार म्हणाले. ही ‘वा’ आपल्या नव्हे, बायकोच्या ओळींना मिळाली, हे भास्कररावांना सलत राहिलं.

“दाखवा की दुसरं कडवं,” घरी सुमित्राबाई म्हणाल्या.

“तीस वर्षं मी लिहितोय, तू नव्हेस!”

एकट्यानं लिहिलेलं कडवं ‘न्हाला-झाला’वर संपलं. गीत दुसऱ्या कवीकडे गेलं, आणि महिनाभराचा अबोला सुमित्राबाईंच्या वाट्याला आला.