पिंपळ तोडायचा हुकूम

या मंडळी, जवळ सरका. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या सालची गोष्ट सांगतो.

ईट गावच्या पारावरचा पिंपळ रस्त्यासाठी तोडायचा, असा हुकूम द्यायला तहसीलदार आले. त्याच पारावर कीर्तन करणारे विष्णुपंतबुवा हात जोडून म्हणाले, "साहेब, घाईनं मोर मारायला निघालेल्या राजासारखं करू नका."

"कोणता राजा?"

बुवांनी गोष्ट सुरू करून राजाला तलवार उगारायला लावली. तेवढ्यात मोर म्हणाला, "महाराज, शेळी कापायला निघालेल्या कुंभारासारखे पस्तावाल!" कुंभारानं सुरी उचलली, तर शेळी त्याला नवऱ्याची मिशी कापायला निघालेल्या बाईची गोष्ट सांगू लागली.

"अहो बुवा, मोराचं काय झालं?" तहसीलदारांनी विचारलं.

"मिशी वाचल्याबिगर शेळी वाचत न्हाय, शेळी वाचल्याबिगर मोर. हत्यार वर असतानाच गोष्ट थांबवली, की ऐकणाऱ्याचाबी हात वरच राहतो बघा."

तहसीलदार रोज पारावर येऊ लागले. हुकूम खिशातच राहिला. शेवटी जिल्ह्याचे कलेक्टर स्वतः आले आणि कडाडले, "पिंपळ अजून उभा कसा?"

तहसीलदारांनी अदबीनं त्यांना पारावर बसवलं.

"सांगतो साहेब. पण आधी घाई करणाऱ्या एका कलेक्टरची गोष्ट ऐका."

मंडळी, आरतीच्या वेळी कलेक्टरसाहेबांची आठवण ठेवा. बिचारे अजून पारावरच आहेत.