तिसरा चौकोन

"यात टक्कर कुठंय?"

दौलतरावांनी कागद आपटले नाहीत, नुसते सरकवले. माणूस सभ्य. "बाई नळावर पाणी भरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते. पुढं काय? कामगाराच्या गोष्टीत कुणीतरी कुणाला भिडलं पाहिजे, भीमराज. शुक्रवारी अंक प्रेसला जातो. तोवर काहीतरी घाला, नाहीतर राहू द्या."

दौलतराव पिंपरीच्या त्या कंपनीत वेल्फेअर ऑफिसर. दिवाळी अंकही तेच काढायचे. भीमराज ग्राइंडिंग मशीनवरचा कामगार, आणि गोष्टीतली बाई म्हणजे त्याची आई, जाईबाई. आपल्यावर छापून येणार हे तिनं कासारवाडीच्या अख्ख्या चाळीला सांगून ठेवलं होतं. वर अट घातली होती, "भांडान घालू नको त्यात. भांडनं लई बघितली. एक तरी गोष्ट बिनभांडनाची लिही." आता आली का पंचाईत! भांडण घालावं तर आई रुसणार, न घालावं तर गोष्ट कचऱ्यात.

त्या महिन्यात नवं मशीन बसवायला ओगावा नावाचे जपानी साहेब आले होते. जेवणाच्या सुट्टीत भीमराजनं त्यांना आपलं रडगाणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत ऐकवलं. ओगावांचं इंग्रजीही त्याच तोलामोलाचं, त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

"नो फाइट? गुड," ते म्हणाले आणि जॉब कार्डाच्या पाठीवर चार चौकोन आखले. पहिल्यात एका बाईनं खिडकीत कुंडी ठेवली. हा 'की', म्हणजे सुरुवात: कोण, कुठं. दुसऱ्यात ती रोज पाणी घालते, फूल येतं. हा 'शो'. तीच गोष्ट थोडी पुढं जाते, अडत नाही. तिसऱ्यात त्यांनी एकदम समुद्र काढला. जहाजावर एक खलाशी पाकीट फोडतोय.

"हा कोण? बाई कुठं गेली?" भीमराज गोंधळला.

"तेन," ओगावा म्हणाले. वळण. चौथ्यात पाकिटातून वाळकी पाकळी खलाशाच्या तळव्यावर पडली. "केत्सु." शेवट. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. पण आता कुंडीकडं पुन्हा बघ, म्हणाले, ती पहिल्यासारखी दिसते का? त्यांच्याकडं हे शाळेतच शिकवतात. वर्तमानपत्रातली चार चौकोनी चित्रंही अशीच असतात.

भीमराजनं घाईनं आपली गोष्ट मांडून पाहिली. एक, जाईबाई पहाटे नळावर येते. दोन, हंडा भरते, सगळ्यांची चौकशी करते, रोज तसंच. तीन, नंबरावरून दुसरी बाई तिच्याशी...

"नो, नो!" ओगावांनी पेन्सिल आडवी धरली. तिसरा चौकोन भांडणाचा नाही. त्याच नळावरचाही नाही. दुसरी जागा. आधी वाटलं पाहिजे, हे इथं कशाला? मग चौथ्यात कळलं पाहिजे, हे इथलंच होतं.

भीमराजकडं दोन चौकोन होते, तिसरा कुठून आणायचा? दुसऱ्या दिवशी पहाटे तो आईच्या मागोमाग नळावर गेला. हंडा भरला. जाईबाईनं तो बाजूला ठेवला, पण नळ लगेच बंद केला नाही. दोन्ही हात धारेखाली धरून उभी राहिली. हे ती रोजच करायची. त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"हे कशाला गं, आई?"

"काय न्हाई. बरं वाटतं." मग हात पुसत म्हणाली, "गावाकडं आमी हिरीपासून लांब बसायचो, घागर म्होरं ठिवून. कुनाला सवड झाली की वरून वाढायचे. कधी दुपार व्हायची. पान्याला हात लावायचा न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्या रात्री भीमराज कागद घेऊन बसला. त्यानं तेवढंच लिहिलं: तिसऱ्या भागात एक विहीर, लांब बसलेली लहान मुलगी, रिकामी घागर, डोक्यावर आलेलं ऊन. शिवीगाळ नाही, मारामारी नाही. चौथ्यात पुन्हा कासारवाडीचा नळ, आणि भरलेल्या हंड्याशेजारी धारेखाली धरलेले दोन हात.

शुक्रवारी दौलतरावांनी ती उभ्याउभ्या वाचायला घेतली. तिसऱ्या पानाशी खुर्ची ओढून बसले. संपल्यावर पुन्हा पहिल्या पानावर गेले. आता पुन्हा 'टक्कर कुठंय' विचारणार, अशी भीमराजला धास्ती.

"छापतो," ते म्हणाले. "एक अक्षरही बदलू नका. आई कुठल्या गावची?"

"गेवराईकडची, साहेब."

"आमचं राजगुरुनगरच्या पलीकडं." ऑफिसात एरवी पुस्तकी बोलणाऱ्या दौलतरावांची भाषा एकदम गावाकडची झाली. "आमच्या हिरीवर पानी मीच वाढायचो. समोरची घागर तेवढी बघायचो, भीमराज. हात कधी बघितलेच न्हाईत."