लायकी

चाकणजवळच्या भैरवनाथ ट्रस्टच्या सभेत पाचांपैकी तीन विश्वस्तांचे हात वर गेले आणि चिमाजीराव अध्यक्ष झाले. आठवडाभर घोकलेलं भाषण ऐन वेळी आठवेना. उपरण्याचं टोक पिळत ते म्हणाले, "मी ह्या खुर्चीच्या लायक न्हाई. सांभाळून घ्या. पुढच्या जत्रेआधी धर्मशाळा बांधू." टाळ्या पडल्या, विरोधातल्या दोघांनी तर जरा जास्तच वाजवल्या.

नव्या कायद्यानं अध्यक्षबदलाचा अर्ज, सभेच्या इतिवृत्तासह, नव्वद दिवसांत पुण्याच्या धर्मादाय कचेरीत द्यायचा होता. चिटणीस दत्तोबा मास्तरांनी जागेवरच इतिवृत्त लिहून चिमाजीरावांपुढं सहीला सरकवलं.

"नूतन अध्यक्षांनी आपण पदास लायक नसल्याचे सांगितले. सभेने ते टाळ्यांच्या गजरात एकमताने मान्य केले."