सांजवातीची चौथी ओळ

प्रार्थना थेट काळजातून उमटते. विजयकुमारांची मात्र रिफायनरीच्या शटडाउन-रिपोर्टाच्या पाठकोऱ्या कागदावर उमटली होती, आणि आज तिची तिसरी रिव्हिजन निघाली होती.

कुवेतमध्ये सालमियातल्या त्या फ्लॅटात रोज दिवा त्यांची बायको शर्मिला लावायची. मुलांकडून म्हणवून घ्यायची ती प्रार्थना तिचीच, तोंडी जुळवलेली. ती वेळ विजयकुमारांची प्लांटवरची. शर्मिलाला देवाघरी जाऊन तीन महिने झाले होते. मुलांना त्यातली निम्मीच प्रार्थना आठवत होती, आणि दोघांची निम्मी वेगळी. रोज दिव्यासमोर भांडण. म्हणून विजयकुमारांनी नवी लिहायला घेतली.

पहिल्या खर्ड्यात संकट, अज्ञान आणि दुर्गती होती. नऊ वर्षांच्या नचिकेतनं ‘दिस इज स्केरी’ म्हणून तो नापास केला. दुसरा इतका लांबला की सहा वर्षांची ज्ञानदा मध्येच जांभई देऊन बसली. शेजारच्या नर्मदाकाकूंनी समजावलं की ओळ एका दमात संपावी, जोडाक्षर नसावं, देवाची भीती घालू नये आणि मागणं एकच ठेवावं. विजयकुमारांनी बोटांवर आठ-आठ अक्षरं मोजली.

*सांज झाली, दिवा लागे*
*देवापुढे मन जागे*
*उजेड राहो दारात*
*सारे येवोत घरात*

मशिदीतली सांजेची, मगरिबची अजान संपता संपता त्यांनी समईची वात पुढे सारली, तेल घातलं, दिवा लावला. तिन्हीसांजेला लक्ष्मी येते म्हणून नचिकेतनं बाहेरचं दार उघडलं. दोघांनी हात जोडले. एकही अक्षर अडखळलं नाही. विजयकुमारांना कधी नव्हे ते कवी झाल्यासारखं वाटलं.

एसी वाया जातोय म्हणून ते दार लावायला उठले, तर ज्ञानदा उंबऱ्यात फतकल मारून बसलेली.

“बाबा, थांबा ना. आई यायचीये अजून.”

“ज्ञानू, असं नसतं बाळा.”

“मग तुम्ही ‘सारे’ का लिहिलंत?”

नचिकेतनं समईची वात सारखी केली.

विजयकुमार खाली बसले. खिशातलं पेन काढून त्यांनी चौथी ओळ खोडली. मग त्यांनी लिहिलं: *तिघे राहोत घरात*.

ज्ञानदानं बोट ठेवून ती ओळ वाचली. एकदा बाबांकडे, एकदा दादाकडे पाहिलं, शेवटी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. हिशेब जुळला असावा. तिनं हात जोडून सगळी प्रार्थना पुन्हा एकदा म्हटली, हळू आवाजात, न चुकता. मग उठून, आत येऊन स्वतःच दार लोटलं.

दार लॅचचं होतं. बाहेरून किल्लीशिवाय उघडत नसे.