पुसलेला शिक्का

"खऱ्या फोटोसारखं दिसणारं हे चित्र मूळ माझंच, ताई," व्यंगचित्रकार हरबा तांडेल म्हणाला. "पण मी तुम्हाला पाणबुड्याच्या पोशाखात हसताना दाखवलं होतं. खिशात जिवंत बोंबील आणि कोपऱ्यात 'थट्टा' असा ठळक शिक्का."

निवडणूक हरलेल्या नगराध्यक्ष सुलभा मेहेर यांनी फोनवरच्या त्या फोटोवर बोट दाबून धरलं. फोटोने आपल्यात नोंदलेले सगळे बदल एकेक करून दाखवले. पोशाखाच्या जागी साडी आली. बोंबील गेला, शिक्का कापला गेला. मागे बुडालेली वस्ती आली, खाली ओळ आली: 'आज सकाळी, पूरग्रस्तांसमोर.' हसू तेवढं तसंच राहिलं. तारीख मतदानाच्या आदल्या दिवसाची होती आणि बदल करणाऱ्याचं नाव होतं, त्यांचाच उपाध्यक्ष भालचंद्र पागधरे.

"आता त्याचंही असंच चित्र कर, हातात दारूची बाटली दे. शिक्का नको," सुलभाताई म्हणाल्या.

"मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय?"

सुलभाताईंनी दात आवळले. "बरं. हे सगळे बदल त्याच्या नावासकट पाठव. ज्या ज्या फोनवर तो फोटो उघडला, त्या प्रत्येकावर."

"आत्ताच पाठवतो."

"थांब. आज नवा नगराध्यक्ष म्हणून त्याचा सत्कार आहे. गळ्यात हार पडू दे."