जेवणाच्या सुट्टीतली गोष्ट

"आजीचं ताट आत स्वयंपाकघरात लाव," असं नंदकिशोर आईला सांगत होता, तेवढ्यात पोस्टमनने लवूकाकाचं पत्र दिलं.

त्या संध्याकाळी त्यांच्या बोरीवलीच्या घरी सुलक्षणा आणि तिचे आईवडील तिच्या आणि नंदूच्या लग्नाची बोलणी करायला, जेवायलाच येणार होते. आणि सोनूबाई आजी दर जेवणाला तीच गोष्ट सांगायची. ती गिरणीत कामाला असताना मुकादमाने एका गरोदर बाईला कामावरून काढलं, तेव्हा आजीने आपलं मशीन बंद केलं आणि खात्यातल्या सगळ्या बायका काम थांबवून खाली बसल्या. ताट संपायच्या आत गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. नंदूने वैतागून काकाला लिहिलं होतं की, म्हातारी मुद्दाम छळते.

काकाचं उत्तर सरळ होतं. रत्नागिरीला बदली होईपर्यंत आजी त्याच्याकडेच वाकोल्याला होती. त्याने तिला डॉक्टरांना दाखवलं होतं.

'नंदू, आई मुद्दाम करत नाही. नवीन काही तिच्या डोक्यात टिकत नाही. आता सांगितलेली गोष्ट तिच्या लेखी सांगितलेलीच नसते. जुनं मात्र पक्कं आहे. जेवतानाच का, तर गिरणीत जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून बायका बोलत बसायच्या. ताटांचा आवाज झाला की तिला तेच आठवतं. शिवाय चारजण एकदम बोलले की तिला धागा सापडत नाही. मग ती ठाऊक असलेलं बोलते, म्हणजे पंगतीत आपणही आहोत असं तिला वाटतं. "मघाशीच सांगितलंस" असं म्हणू नकोस. ती दर वेळी नव्याने ओशाळते. त्यापेक्षा काहीतरी विचार.'

नंदूने पत्र दोनदा वाचलं. मग आजीचं ताट बाहेर, स्वतःच्या शेजारी लावलं.

पाहुणे आले तेव्हा दारातच तो म्हणाला, "माझी आजी एकच गोष्ट परत परत सांगेल. तिला नवीन आठवत नाही. पण ऐका, तिने केलंय ते खरंच मोठं आहे."

वरणभात वाढला आणि आजी सुरू झाली. भाजी वाढली, पुन्हा सुरू झाली. सुलक्षणाच्या वडिलांनी घास हातातच धरला. नंदूने विचारलं, "मग मुकादम काय म्हणाला गं?" आजी हसली. तिने मुकादमाची नक्कल करून दाखवली. ती त्याने आजवर पाहिलीच नव्हती. तिसऱ्या खेपेला सुलक्षणाने त्या बाईचं नाव विचारलं. "मालन," आजी लगेच म्हणाली, "दुसऱ्या दिवशी तिका परत घेतल्यानी." सुलक्षणाच्या आईने पानावरून उठताना आजीला वाकून नमस्कार केला.

लग्न ठरलं.

सकाळी चहा देताना नंदूने पाहुण्यांचा विषय काढला. आजीला कोणी आल्याचंच आठवत नव्हतं. ती बशीतला चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "काल काय झाला ता माका ठावक नाय रे. पण कोणीतरी माझो मान केल्यान, असा वाटता."