‘हार्दिक’ खोडून

“‘हार्दिक’ खोड,” बायको म्हणाली.

“का? सगळेच लिहितात.”

“म्हणूनच. बाबांना वाटेल बँकेचा मेसेज आलाय.”

त्याने मुकाट्याने मोबाइलवरचा शब्द पुसला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेली मोटर त्याचं ऐकायची, पण चार शब्द लिहायचे म्हटलं की त्याचे हातपाय गळायचे. आणि आज तर लग्नानंतरची पहिली दिवाळी. सासू-सासऱ्यांना शुभेच्छा पाठवायच्या होत्या. बायको ओले केस तसेच सोडून पलंगावर त्याच्या शेजारी ठाण मांडून बसली होती.

“बरं, हे ऐक,” तो घसा खाकरून म्हणाला. “‘आपणां उभयतांस ही दीपावली सुखसमृद्धीची व भरभराटीची...’”

“उभयतांस?” ती खो खो हसत सुटली. “भाजी आणताना ‘उभयतांस पुरेल’ असं म्हणतोस का कधी?”

“मग दिव्यांचं एखादं चित्र पाठवतो. सुटलो.”

“तसली चित्रं आईला पहाटेपासून ढिगाने आली असतील. एकही उघडलं नसेल तिने.” ती जरा गंभीर झाली. “हे बघ, दोघांना एकाच दावणीला बांधू नकोस. आईसाठी आईचं लिही, बाबांसाठी बाबांचं. आणि असं लिही, की ते दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही.”

“म्हणजे काय?”

“घडलेलं लिही.”

त्याने मोबाइल पुन्हा सरसावला. मग अंगठे भराभर चालू लागले. बायको खांद्यावरून वाचत होती.

“‘देवासारखे’ काढ. बाबांना गोड बोलणाऱ्यांचा लगेच संशय येतो.”

“काढलं.”

“आणि ‘निरोगी दीर्घायुष्य’ कशाला? आईचा गुडघा दुखतो, तर गुडघ्याचंच बोल. त्यात तुला काय करता येईल ते सांग. झेपेल तेवढंच.”

“सुरुवातीला आई-बाबा लिहू?”

ती थबकली. “तू त्यांना काय म्हणतोस?”

“काका-काकू.”

“मग तेच. एकदम आई-बाबा म्हटलंस तर ओढूनताणून वाटेल.”

“आणि तुझं नाव?”

“मला मध्ये आणू नकोस. शुभेच्छा तुझ्याकडून जाताहेत ना?”

शेवटी मजकूर तयार झाला. त्याने तो मोठ्याने वाचला, कारण बोलताना जीभ अडखळली तर लिहिलेलंही खोटं वाटतं, असं बायकोचं मत होतं.

“काकू, लिफ्टमध्ये तुम्ही अडकला होतात आणि दाराच्या फटीतून मलाच विचारत होतात, ‘मिस्त्री, जेवलात का?’ कामावर असताना मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. काका, मी वर मोटरचं चाक हाताने फिरवत होतो, तेव्हा तुम्ही जिन्यातून ‘अजून थोडं, अजून थोडं’ ओरडत होतात, म्हणून लिफ्ट बरोबर मजल्याला लागली. नंतर शेजाऱ्यांना तुम्ही सांगितलंत, ‘आम्ही दोघांनी बाहेर काढलं हिला.’ त्या ‘आम्ही’ने मी दिवसभर खुशीत होतो. यंदा काकूंच्या गुडघ्यांना जिना चढायची वेळ येऊ देणार नाही, ते माझ्याकडे लागलं. काकांचं शब्दकोडं रोज चहा निवायच्या आत सुटो. दिवाळीच्या खूप शुभेच्छा. संध्याकाळी भेटायला येतो. तुमचा, जावई.”

बायकोने डोळे पुसून मान हलवली.

“शेवटचे शब्द राहू देत?” त्याने विचारलं.

“सगळ्यात खरे तेच आहेत. पाठव.”

त्याने डोळे मिटून बटण दाबलं. मेसेज पोचला. वाचलाही गेला. मग बराच वेळ काहीच नाही. बायको नखं कुरतडत बसली. त्याने उगाचच पंखा बंद करून पुन्हा लावला.

फोन वाजला. सासरे! त्याने स्पीकर चालू केला.

“मिस्त्री!” सासऱ्यांचा आवाज खोलीभर घुमला. “अहो, काय सुंदर लिहिलंत! हिने तर तुमचा मेसेज शेजारणीलाही वाचून दाखवला. इतकं मनापासून आम्हाला कुणी लिहिलं नव्हतं हो.”

“काका, मी...”

“थांबा, हिचं मध्येच चाललंय. संध्याकाळी जेवायलाच या म्हणतेय. या, नक्की या. फक्त शेवटी काहीतरी घोटाळा झालाय तुमचा. आमची एकुलती एक मुलगी तर नोकरीसाठी मैत्रिणीकडे राहते, लग्नाचा विषयसुद्धा काढू देत नाही. मग तुम्ही नक्की कोणाचे जावई?”